ओव्हल चेहरा, फोनभर फोटो आणि शेवटी कुठला कट? एक केस नीट उलगडून

मालवणात पार्लर चालवताना एक गोष्ट कायम दिसते, गोल किंवा चौकोनी चेहऱ्याची मुलगी आली की तिचं काम पटकन होतं. तिला आधीच माहीत असतं की आपल्याला काय नको. गोंधळ घालतात त्या ओव्हल चेहऱ्यावाल्या, कारण त्यांना कुणी कशाला 'नाही' म्हणतच नाही. ज्या चार्टमध्ये बघावं तिथे त्यांच्या नावापुढे 'काहीही शोभेल' असंच लिहिलेलं. हे वाचून बरं वाटतं पण खुर्चीत बसल्यावर त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

ही केस गणपतीनंतरची, म्हणजे पाऊस अजून पुरता गेलेला नव्हता आणि हवेत दमटपणा भरपूर. मुलगी सत्तावीस-अठ्ठावीसची, पतपेढीत काउंटरला, तारकर्लीहून रोज स्कूटीने मालवणात येते, चष्मा आहे. केस पाठीच्या मध्यापर्यंत, कित्येक वर्षं नुसते खालून सरळ कापलेले. डिसेंबरात भावाचं लग्न. सोबत आई. फोनमध्ये हेअरकटचा वेगळा फोल्डर केलेला आणि त्यात पिक्सीपासून कमरेपर्यंतच्या लेयर्सपर्यंत सगळं, वुल्फ कट, बटरफ्लाय कट, कर्टन बँग्स, फ्रेंच बॉब, अगदी काय म्हणाल ते. म्हणाली, "ताई, मला यातलं सगळंच आवडतंय आणि मैत्रिणी म्हणतात तुला कायपण सूट होईल, मग मी ठरवू कसं?" आई बाजूच्या खुर्चीतून म्हणाली, "लग्नात अंबाडो येवक व्हयो, बाकी तुमका काय ता करा."

मला विचाराल तर त्या अख्ख्या संभाषणातलं सगळ्यात कामाचं वाक्य आईचं होतं, ते कसं ते पुढे येईल.

आधी चेहरा खरंच ओव्हल आहे का ते बघितलं. पुष्कळ जणी आरशात बघून ठरवतात आणि चुकतात, कारण केस मोकळे असले की कडा झाकल्या जातात. केस हेअरबँडने पूर्ण मागे घेतले आणि मापं घेतली. यात एक मेख आहे, टेप चेहऱ्यावर चिकटवून गोलाईने फिरवायची नाही, तसं केलं की रुंदी उगाच जास्त येते. टेप समोर सरळ ताणून धरायची किंवा सरळ पट्टीच वापरायची. तिचं आलं ते असं: कपाळावरच्या केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत १९ सेंटीमीटर, गालाच्या हाडांपाशी १२.८, कपाळ १२च्या आसपास, जबडा साडेदहा. म्हणजे लांबी रुंदीच्या जवळजवळ दीडपट, सगळ्यात रुंद जागा गालाची हाडं, कपाळ जबड्यापेक्षा थोडं रुंद, आणि हनुवटी गोलसर. ओव्हल म्हणजे हेच. हीच लांबी रुंदीच्या दीडपटीच्या बरीच पुढे गेली असती तर आपण त्याला लांबट चेहरा म्हटलं असतं आणि मग मधला भांग पाडून सरळ लांब केस सोडले की चेहरा आणखी लांब दिसतो वगैरे नियम लागले असते. इथे ते लागत नव्हते.

आता चार्ट तिला 'काहीही' का सांगतो ते बघा. हे चेहऱ्याच्या आकाराचे चार्ट मुळात दुरुस्तीचे चार्ट आहेत. गोल चेहऱ्याला वर उंची द्या, चौकोनीला जबड्यापाशी मऊ बटा द्या, लांबट चेहऱ्याला बाजूने रुंदी द्या, हे सगळं करून गाठायचं काय, तर ओव्हल. मग जो चेहरा आधीच तिथे आहे त्याला चार्ट काय सांगणार, त्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरतच नाही. तेव्हा 'काहीही शोभेल' ही शाबासकी वगैरे काही नसते. तिने घरी आणखी एक परीक्षा करून बघितली होती, तो ब्रिटिश हेअरस्टायलिस्ट जॉन फ्रिडा यांच्या नावाने फिरणारा सव्वादोन इंचाचा नियम. हनुवटीखाली पेन्सिल आडवी धरायची, कानाच्या पाळीपासून पट्टी उभी सोडायची आणि दोन्ही जिथे भेटतात तिथपर्यंतचं अंतर बघायचं, सव्वादोन इंचाच्या आत आलं तर छोटे केस शोभतात, जास्त आलं तर लांब. तिचं जेमतेम आत आलं. झालं, म्हणजे छोटेपण चालतील, आणखी वीस फोटो फोल्डरमध्ये.

म्हणून ओव्हल चेहरा आला की मी क्रम उलटा करते. चेहरा बाजूला ठेवायचा, आधी केसांना नाही म्हणू द्यायचं, मग रोजच्या दिवसाला नाही म्हणू द्यायचं, आणि जे काय उरेल त्यात शेवटच्या दोन बारीक गोष्टींसाठी चेहऱ्याला परत बोलवायचं.

पण त्याआधी ते फोटो. मी तिला सांगितलं, यातला आवडता शोधू नकोस, प्रत्येक फोटोतल्या बाईच्या चेहऱ्यावर अंगठा ठेव आणि नुसते केस बघ. ऐकायला पोरखेळ वाटतो पण करून बघा. अर्ध्याहून जास्त फोटो तिथल्या तिथे पडले, कारण तिला आवडला होता तो चेहरा, मेकअप, नाहीतर मागची खिडकी. जे उरले त्यात तिला विचारलं की यात सारखं काय आहे. ती बराच वेळ स्क्रोल करत राहिली आणि मग तिलाच दिसलं, लांबी सगळ्यांची वेगवेगळी होती पण जवळजवळ सगळ्यांत पुढच्या बटा गालाजवळ येऊन वळलेल्या होत्या. म्हणजे तिला लांबी बदलायची घाई नव्हतीच, तिला पुढे काहीतरी हवं होतं. वर्षानुवर्षं सगळे केस एकाच लांबीचे असले की चेहऱ्याजवळ काहीच घडत नाही, ती पोकळी तिला खटकत होती आणि ती तिला लहान केस, मोठे केस या भाषेत शोधत होती.

आणखी एक, या फोटोंतले बरेच कट ब्लो-ड्राय करून किंवा टाँगने वळवून मग काढलेले असतात. ती वळलेली बट कात्रीने येत नाही, ती रोज सकाळी मशीनने आणावी लागते. हे क्लायंटला कट करायच्या आधी सांगितलेलं बरं.

मग केस. केस बघायचे ते आले तसे, कोरडे, न धुतलेले, स्ट्रेटनर न फिरवलेले. मी पहिलं बघते ते दाटपणा. सगळे केस मागे घेऊन घट्ट पोनी बांधायची आणि पोनीच्या मुळाशी टेप गुंडाळायची. घेर ५ सेंटीमीटरच्या आत आला तर केस विरळ, ५ ते १० मध्यम, १०च्या पुढे दाट. हा काही प्रयोगशाळेतला आकडा नाही, पण अंदाजाला पुरतो. तिचा साडेनऊ आला, म्हणजे दाटाकडेच झुकलेला. एकेक केस मध्यम जाडीचा, आणि सरळही नाही कुरळाही नाही, कानाच्या खाली लाटा सुरू होणारा.

लाटा असल्या की एक माप मी न चुकता घेते. मानेजवळची एक बट ओली करून सरळ ओढून टोक कुठे येतं ते बघायचं आणि तीच बट हात न लावता वाळू द्यायची. तिची बट वाळल्यावर चांगली इंचभर वर चढली. केस पाणी शोषतो, फुगतो, त्याच्या आतले काही नाजूक बंध ओला असताना सुटतात आणि वाळताना परत जुळतात, त्यामुळे ओला असताना तो लांब आणि लवचिक वाटतो आणि वाळला की आपल्या मूळ वळणावर जातो. आपल्याकडे तर हवाच ओली, त्यामुळे जून ते सप्टेंबर हे बंध दिवसभर थोडे थोडे सुटत जुळत राहतात, सकाळी सेट केलेले केस दुपारी वेगळेच दिसतात ते याचमुळे. पुण्यातल्या एसी सलूनमध्ये केलेला कट तारकर्लीच्या रस्त्यावर तसाच राहील असं धरून चालू नये.

मग वाढीची दिशा. डोक्याच्या मागचा भोवरा एकच होता, साधा, काही त्रास नाही. पण कपाळावर डाव्या बाजूला केसांच्या रेषेत एक वळण होतं, तिथले केस वर उठून उजवीकडे पडत होते. हे ओळखायचं असेल तर कपाळावरचे केस नुसते ओले करायचे, पुढे विंचरायचे आणि बोटाने जरा हलवून सोडून द्यायचे, जिथे केस आपोआप फाटतात तिथे वळण असतं.

आता बघा काय काय गेलं. सरळ जाड फ्रिंज गेली, कारण डावीकडच्या वळणामुळे ती बरोबर तिथेच फाटली असती, वरून हेल्मेट, वरून घाम. हनुवटीपर्यंतचा सरळ बॉब गेला, कारण दाट लाटदार केस एका लांबीत इतके वर कापले की खालचं वजन जातं आणि ते दोन्ही बाजूंना फुगून त्रिकोण होतो. वुल्फ कट गेला, कारण त्यात वर बरेच छोटे लेयर असतात आणि दमट हवेत हे छोटे केस लांब केसांना आतून ढकलतात, डोकं पिंजारलेल्या कापसासारखं दिसायला लागतं. लक्षात घ्या, यातला एकही कट चेहऱ्यामुळे गेला नाही, चेहऱ्याला ते सगळे चालले असते.

पिक्सी केसांमुळे जात नव्हता. तो आईच्या वाक्यामुळे गेला. लग्नात अंबाडा हवा, त्यावर अबोलीचा वळेसर म्हणजे गजरा बसायला हवा, आणि वळेसर टिकायला खाली घट्ट गुंडाळलेले केस लागतात. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. सप्टेंबरात कापून डिसेंबरात अंबाडा हवा असेल तर जास्तीत जास्त तीन-चार सेंटीमीटर परत मिळतात, तेवढ्यात काही होत नाही. एक साधी तारीख आणि एक साधा अंबाडा यांनी फोल्डरमधला पाव भाग साफ केला, जे काम चार्टने केलं नसतं.

मग रोजचा दिवस विचारला, आणि हे मी 'मेंटेनन्स करशील का' असं विचारत नाही कारण सगळ्या हो म्हणतात. मी विचारते, सकाळी उठल्यापासून स्कूटीला किक मारेपर्यंत केसांना किती वेळ मिळतो, काल किती मिळाला. ती म्हणाली, काल ओलेच बांधून आले. ठीक आहे, म्हणजे दहा मिनिटांच्या वर काही नाही, ड्रायर घरी आहे पण वापरात नाही, स्ट्रेटनर नाही, रविवारी डोक्याला खोबरेल. ऑफिसात दुपारी लाइट गेली की केस वर बांधणार म्हणजे बांधणार.

बांधणार हे नक्की झाल्यावर एक माप लागतं. पुढच्या केसांच्या रेषेपासून कानावरून मानेवर जिथे रबर येतं तिथपर्यंत टेप धरली, तिचं सव्वीस सेंटीमीटर आलं. म्हणजे सव्वीसच्या आतली कुठलीही पुढची बट रबरात राहणार नाही, सुटून चेहऱ्यावर येणार. ज्या बटा मुद्दाम सुटाव्यात असं वाटतं त्या तेवढ्याच या मापाच्या आत ठेवायच्या, बाकी सगळ्या त्याच्या पुढे. लेयर कट करून घेतलेल्या किती तरी मुली पुढच्या आठवड्यात केसांना चारी बाजूंनी टिकटॅक लावून फिरताना दिसतात, त्यांचं हेच माप कुणी घेतलेलं नसतं.

एवढं झाल्यावर समोर दोनच गोष्टी राहिल्या. एक, कॉलरबोनपर्यंतचा लाँग बॉब, आणि दोन, कॉलरबोनच्या खाली चार बोटं लांबी ठेवून लांब लेयर आणि पुढे चेहऱ्याजवळ छोट्या बटा. इथे ती परत अडकली, पण दोनात अडकणं आणि शंभरात अडकणं यात फरक आहे.

दोन पर्याय असले की मी बोलत बसत नाही, खोटा कट करून दाखवते. केस खाली सैल गुंडाळून आत दुमडायचे, मागे क्लिपा लावायच्या, समोरून लाँग बॉब दिसतो. पुढच्या बटांसाठी डोक्यावरचा एक जुडगा पुढे आणायचा, टोक गालापाशी येईल असं वर पिन करायचं. हे समोरून नुसतं बघू द्यायचं नाही, बाजूने आणि मागून फोटो काढायचे, कारण आरशात आपण फक्त समोरचं बघतो आणि लोक आपल्याला बहुतेक वेळा बाजूनेच बघतात. बॉब तिला समोरून दिसायला फार आवडला, खरंच छान दिसत होता. मग मी म्हटलं आता असंच पंधरा मिनिटं बस, मी दुसरं एक थ्रेडिंग करून घेते. पंख्याखाली बसूनसुद्धा परत आले तेव्हा तिचा हात मानेवर होता आणि ती क्लिपा काढू का म्हणून विचारत होती. मानेवर केस चिकटत होते आणि ते वर घेता येत नव्हते. बॉब तिथेच संपला. कॉलरबोनपाशी आखूड पोनी बांधता येते म्हणा, पण तिला सगळे केस मानेवरून उचलून वर गुंडाळायची सवय आणि ते त्या लांबीत, एवढ्या दाट केसांना जमत नाही.

खांद्यावर थांबणारी लांबी का नाही, तेही सांगून टाकते कारण मधला मार्ग म्हणून पुष्कळ जणी तीच मागतात. खांद्यावर टेकलेलं टोक खांद्याला आपटून बाहेर वळतं, दिवसभर, आणि लाटदार केसांत एक बाजू आत एक बाजू बाहेर असं होतं. एकतर त्याच्या वर थांबा नाहीतर सरळ खाली जा.

आता चेहऱ्याला परत बोलावलं, दोनच प्रश्नांसाठी. पहिला, पुढची सगळ्यात छोटी बट कुठे संपवायची. ओव्हल चेहऱ्यात ती कुठेही संपवता येते आणि जिथे संपते तिथे बघणाऱ्याची नजर थांबते, हे एवढंच तत्त्व. गालाच्या हाडावर संपवली तर गाल उठून दिसतात, ओठापाशी संपवली तर ओठ, हनुवटीपाशी संपवली तर जबडा. तिला गालाच्या हाडावर हवी होती, फोटोत तसंच होतं. पण फोटोतल्या कुणालाच चष्मा नव्हता. चष्म्याची दांडी बरोबर त्या उंचीवर येते, छोटी बट दांडीत अडकते, बाहेर ढकलली जाते आणि काचेवर येते. तिचा चष्मा लावून खोट्या बटेने दाखवलं तेव्हा ते तिला लगेच पटलं. म्हणून ओठ आणि हनुवटीच्या मध्ये. दुसरा प्रश्न भांगाचा, तिला अगदी मधोमध हवा होता. कपाळावरचं वळण डावीकडे, मधला भांग त्या वळणाच्या विरुद्ध जाऊन पडत होता आणि दर अर्ध्या तासाने उठत होता. मधल्या रेषेपासून बोटभर डावीकडे घेतला, वळण जिथे आपणहून फाटत होतं तिथेच, बघणाऱ्याला मधलाच वाटतो आणि केसही भांडत नाहीत.

कटबद्दल थोडक्यात सांगते. केस धुतले, आधी खालची रेषा कापली, ती ठरवलेल्या लांबीपेक्षा इंचभर खाली, कारण ती बट इंचभर चढली होती. कंगव्याने केस ताणून धरले नाहीत, ताणून कापलं की वाळल्यावर हिशोब चुकतो. लेयर घेताना वरचे केस सरळ वर उचलून टोकं कात्री उभी धरून कापली, आणि सगळ्यात छोटा लेयरसुद्धा खाली सोडल्यावर खांद्याच्या आसपास येईल एवढा लांब ठेवला. थिनिंगची कात्री हातात घेतली नाही. दाट केस बघितले की आपल्याकडे पार्लरमध्ये पहिला हात त्या दातेरी कात्रीकडे जातो, वजन कमी होतं हे खरं, पण मधूनच कापलेले ते आखूड केस दमट दिवशी उभे राहतात आणि बाई म्हणते माझे केस रफ झाले. केस रफ झालेले नसतात, ते आखूड केस बाहेर आलेले असतात. लांब लेयरने वजन टोकांकडून निघतं, केसांच्या मधून निघत नाही.

पुढच्या बटा मात्र केस पूर्ण वाळल्यावरच कापल्या. डोक्याच्या वर मध्यभागी एक बिंदू, तिथून दोन्ही भुवयांच्या टोकांकडे असा त्रिकोण वेगळा काढला, तोही बेताचाच. पहिल्यांदा हनुवटीच्या जरा खाली कापलं. चष्मा लाव, हस, मान वळव, बोल. मग बोटभर वर. इथे ती म्हणाली, "अजून थोडं वर घेऊया ना ताई." मी थांबले. एका बोटाने मोठी राहिलेली बट दोन दिवसांनी येऊन दोन मिनिटांत कापून घेता येते, एका बोटाने छोटी झालेली वाढायला दीड-दोन महिने लागतात, आणि चष्म्याच्या दांडीपर्यंत पोचली असती तर लग्नापर्यंत तिला ती पिनेने मागे खोचत बसावी लागली असती. म्हटलं आठवडाभर वापर, मग ये.

मध्येच एक गंमत झाली ती सांगायला हवी. केस धुवून खुर्चीत बसल्यावर तिला मैत्रिणीने आणखी एक फोटो पाठवला आणि ही परत सुरू, "हे बघा ना, हे पण." हे ओव्हलवाल्यांच्या बाबतीत होतंच होतं. मी तो फोटो बघितला, अंगठा चेहऱ्यावर ठेवला आणि विचारलं, अंबाडा येईल? चष्मा बसेल? दहा मिनिटांत होईल? तिसऱ्याला ती गप्प बसली आणि फोन पर्समध्ये गेला. चाळणी एकदा तयार झाली की नवा फोटो आला तरी पहिल्यापासून विचार करायला लागत नाही.

दोन आठवड्यांनी ती आली ती तक्रार घेऊनच. डावी बट बाहेर वळतेय, उजवी नीट आहे, डावी छोटी कापलीत का. दोन्ही बटा नाकासमोर ओढून धरल्या, टोकं जुळली, म्हणजे कट बरोबर होता. बट कापण्यात चुकलीय की वाळण्यात चुकलीय हे ओळखायचा हा सोपा उपाय, ओढून सारखी आणि सोडून वेगळी असेल तर दोष मुळांशी. तिच्या डावीकडे ते वळण, आणि ती ओल्या केसांवर हेल्मेट चढवून येत होती, मग मूळ जसं दबलं तसंच वाळलं. परत कापलं नाही. सांगितलं की बाकीचे केस ओले राहिले तरी चालतील, पुढची दोन बोटं जागा तेवढी आधी वाळव, ड्रायर घेऊन मुळांपाशी केस बोटांनी एकदा डावीकडे एकदा उजवीकडे सारत, दोन मिनिटं, आणि मग हेल्मेट. ड्रायर नसेल तर बटा मागे घेऊन सैल क्लिप लावून ठेव आणि वाळल्यावर सोड. पुढच्या वेळेला तक्रार नव्हती. 'अजून वर'वाली तिची इच्छाही मावळली होती.

असा कट फसलाय हे कळतं कसं, तर पोनी बांधून बघायची. पोनीच्या शेपटीत पायरीसारखी ठळक रेषा दिसली तर लेयर एकमेकांत मिसळलेले नाहीत. केस मोकळे सोडल्यावर कानाच्या खाली एकदम रुंदी वाढत असेल तर वजन चुकीच्या जागी राहिलंय. आणि हे सगळं तिसऱ्या-चौथ्या धुण्यानंतर बघायचं, पार्लरमधून निघताना केस सेट केलेले असतात, तेव्हा सगळेच कट बरे दिसतात.

ज्यांचे केस स्मूदनिंग किंवा स्ट्रेटनिंग केलेले आहेत त्यांना ही वाळवून मोजायची पद्धत तशीच लागू होत नाही, कारण मुळातून येणारे नवे केस लाटदार आणि खालचे सरळ असे दोन स्वभाव एकाच बटेत असतात. तिथे आधी किती वाढ झालीय ते बघून लांबी ठरवावी लागते. आणि केस एकाएकी झडत असतील तर कटची चर्चा नंतर, आधी त्वचेच्या डॉक्टरकडे.

नोव्हेंबरच्या शेवटी ती पुढच्या बटा तेवढ्या करून गेली, हनुवटीच्या खाली उतरल्या होत्या. मागच्या लांबीला हात लावला नाही. लग्नात अंबाडा झाला, वळेसर बसला, लेयर सगळे रबरात राहिले आणि पुढच्या दोन बटा बाहेर, ज्या तशाच हव्या होत्या. त्याच लग्नात तिच्या मावसबहिणीने तो कट बघितला आणि जानेवारीत हिचा फोटो घेऊन माझ्याकडे आली, चेहरा तोच, ओव्हल, म्हणाली अगदी हेच करा. पोनीला टेप लावली, घेर जेमतेम पाच, केस बारीक आणि सरळ. तिला लेयर दिले असते तर खालची टोकं उंदराच्या शेपटीसारखी उरली असती. तिला कॉलरबोनच्या जरा वर, एका रेषेत, सरळ कापून दिलं, आणि हो, मानेवर केस चिकटतात का ते आधी क्लिपा लावून बसवून बघितलं, तिला काही वाटलं नाही. ती म्हणे एसीतच बसते.